डाऊनचा डबा

मला इंग्रजी येतं, अशी माझी पक्की समजूत होती आणि तिला पुरावाही होता. दीपनगरच्या वीज केंद्रात गेली तेवीस वर्षं मी लॉगबुक इंग्रजीत लिहितोय. बॉयलर किती वाजता लाईट-अप केला, युनिट किती वाजता सिंक्रोनाइज झालं, कोणता पंप चालू, कोणता बंद, हे सगळं इंग्रजीत लिहून मी खाली अशी काही सही ठोकतो की वाचणाऱ्याला वरचा मजकूर तपासायचं धाडस होऊ नये. तेवीस वर्षांत कुणी तपासलाही नाही. त्यामुळे आमची सातवीत गेलेली धाकटी मे महिन्यात म्हणाली, "पप्पा, मला पार्ट्स ऑफ स्पीच कळत नाही," तेव्हा मी कूलरचा वेग वाढवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "एवढंच ना?"

या 'एवढंच ना'नं माझं पुढचं सगळं वाटोळं केलं.

कॉलनीत बातमीला पाय नसतात, सायकली असतात. दोन दिवसांत शेजारच्या क्वार्टर्समधली चार पोरं वह्या घेऊन दारात उभी राहिली. त्यांच्या आयांनी मला 'भाऊजी, तुमचं इंग्रजी चांगलंय' म्हणून चढवलं आणि मी चढलो. भुसावळचा मे महिना म्हणजे दुपारी बाहेर कुत्रंही दिसत नाही. पोरांना घरात कोंडून ठेवायला एक माणूस हवा होता, एवढाच त्या स्तुतीचा अर्थ, हे मला पावसाळ्यात कळलं.

शिकवण्याची माझी पद्धत मी नोकरीतून उचलली. आमच्याकडे स्टोअरमध्ये प्रत्येक नटबोल्टला स्वतःचा खण असतो, त्या खणाला नंबर असतो आणि खणापुढे बिन कार्ड असतं. वस्तू त्या खणात गेली की गेली, दुसऱ्या खणात सापडली तर कुणाची तरी चौकशी लागते. शब्दांचंही असंच असणार, असं मी धरून चाललो. सौ.च्या स्वयंपाकघरातून आठ रिकामे डबे काढले, त्यांवर कागद चिकटवले: नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. पोरांना शब्दांच्या चिठ्ठ्या करायला लावल्या. चिठ्ठी उचलायची, मोठ्यानं वाचायची, बरोबर डब्यात टाकायची. पहिल्या दिवशी टेबल, मँगो, बनाना, ही, शी, अँड, बट, हुर्रे असे शब्द निघाले. डबे खणखणत भरले. मी रस मागवला. असा शिक्षक आपल्याला मिळाला असता तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, असंही माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी 'डाऊन'ची चिठ्ठी निघाली.

"ॲडव्हर्ब," मी म्हणालो. "सिट डाऊन. कुठे बस? खाली बस. क्रियापदाबद्दल सांगतं ते क्रियाविशेषण. टाक."

धाकटीनं टाकली. शेजारचा बारक्या, म्हणजे पाचांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी वाचणारा, डब्याकडे बघत राहिला. "काका, माझे बाबा जळगावला अप-डाऊन करतात, त्यातला डाऊन कुठी टाकू?"

हा प्रश्न भुसावळच्या आसपास वाढलेल्या पोराशिवाय कुणाला पडला नसता. इथे बारसं झालेल्या प्रत्येकाला अप आणि डाऊन आईच्या दुधाबरोबर मिळतं. मुंबईकडे जाते ती अप गाडी, मुंबईकडून येते ती डाऊन. रोज रेल्वेनं नोकरीला जाणारा माणूस 'अप-डाऊन करतो'. मराठीत त्याचं सरळ नामच झालंय; 'अप-डाऊनचा कंटाळा आला' असं म्हणताना त्याला 'चा' हा प्रत्ययसुद्धा लागतो. मी बारक्याला म्हणालो, "ते मराठी झालं. इंग्रजीचं बोल."

"बरं, मग डाऊन ट्रेन?"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. डाऊन ट्रेनमधला डाऊन कोणत्या क्रियेबद्दल सांगतो? कोणत्याच नाही. तो ट्रेनबद्दल सांगतो. 'द डाऊन ट्रेन' यात तो 'द' आणि 'ट्रेन' यांच्या मध्ये अंग चोरून बसलाय, आणि ती जागा विशेषणाची. 'द लाँग ट्रेन', 'द ब्लू ट्रेन', 'द डाऊन ट्रेन'. म्हणजे हा डाऊन ॲडजेक्टिव्हच्या डब्यात. मी चिठ्ठीचे दोन तुकडे केले.

त्यानंतर पोरांना खेळच मिळाला. वाक्य आणा, चिठ्ठी फाडा. 'लाईफ हॅज अप्स अँड डाउन्स' हे मोठीनं आणलं. मोठी म्हणजे पाचांतली मोठी. डाऊनला अनेकवचनाचा एस लागलाय. क्रियाविशेषणाला तो कधी लागेल का? नाही लागत. म्हणजे नाउन. तिसरा तुकडा. मी जोशात येऊन स्वतः एक टाकलं: 'ही डाऊन्ड अ ग्लास ऑफ मठ्ठा', घटाघट प्यायला. डाऊनला भूतकाळाचा ईडी लागला, त्याच्याआधी कर्ता, पुढे कर्म, व्हर्ब. चौथा तुकडा. आमच्याकडच्या संपातलं 'टूल डाऊन' हेही याच क्रियापदाच्या कुळातलं, असं मी पोरांना सांगितलं. त्यांना त्यात काही रस वाटला नाही. आणि शेवटी 'ही वॉक्ड डाऊन द रोड'. इथे डाऊनच्या पुढे 'द रोड' आलंय. त्या रोडचा आणि चालण्याचा संबंध डाऊन जोडतोय. म्हणजे प्रिपोझिशन, आपलं शब्दयोगी अव्यय. पाचवा तुकडा.

एका चिठ्ठीचे पाच तुकडे, पाच वेगळ्या डब्यांत. स्टोअरमध्ये असं झालं असतं तर माझी बदली चंद्रपूरला झाली असती. पण डोक्यात एक गोष्ट मात्र लख्ख पडली, आणि ती खरी होती: शब्दाला डबा नसतो, डबा त्याच्या कामाला असतो. नट कुठेही पडला तरी नटच राहतो. शब्द वाक्यात जिथे उभा राहतो तिथे तो असतो. बाहेर नुसता 'डाऊन' विचारला, तर त्याची जात सांगता येतच नाही.

त्या रात्री मी शब्दकोश उघडला. त्यात दिसलं की आपल्या या डाऊनचा जन्मच मुळात नामाच्या घरातला आहे. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी, आणि 'ऑफ डून' म्हणजे टेकडीवरून. ते घासत घासत 'डाऊन' झालं. म्हणजे टेकडीवरून उतरता उतरता तो नामाचा क्रियाविशेषण झाला आणि पुढे मिळेल त्या डब्यात घुसला. पक्ष्याच्या पिलाची मऊ पिसं म्हणजेही डाऊन, पण ते वेगळ्याच घराण्यातलं, नावापुरतं सारखं. ते मी पोरांना सांगितलं नाही. चिठ्ठी उरली नव्हती.

यानंतर मी थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण माणसाला एक खरी गोष्ट सापडली की तो लगेच तिचा नियम करतो. पाच तुकड्यांवरून मी एक सोपा मंत्र बनवला आणि पोरांकडून रोज पाठ करून घेतला: "पुढे नाउन दिसलं की प्रिपोझिशन. पुढे काही नसलं की ॲडव्हर्ब." सिट डाऊन, पुढे काही नाही, ॲडव्हर्ब. डाऊन द रोड, पुढे रोड, प्रिपोझिशन. पोरं हे इतक्या जोरात म्हणायची की खालच्या क्वार्टरमधले आजोबा मला भजनी मंडळाचं विचारायला आले.

घटक चाचणी जुलैत झाली. एका मार्काचा प्रश्न होता, अधोरेखित शब्दाची जात ओळखा. वाक्य: 'द इंजिनिअर शट डाऊन द मशीन.' खाली रेघ डाऊनला.

माझ्या पाचही पोरांनी लिहिलं: प्रिपोझिशन. पाचही पोरांना शून्य.

वर्गातल्या ज्या पोरांना कुणीच शिकवलं नव्हतं, त्यांच्यातली निम्मी ॲडव्हर्ब लिहून सुटली. हे मला दुधाच्या रांगेत सांगण्यात आलं. भाऊजींचा काका झाला आणि काकांचा 'ते' झाला. 'ते शिकवतात ना तिकडे' अशी माझी ओळख उरली. सौ.नं एवढंच विचारलं, "अहो, शटडाऊन तर तुमचंच ना?"

हाच घाव वर्मी बसला. शटडाऊन! चहा घ्यायच्या आधी मी शटडाऊन हा शब्द उच्चारतो. आमच्याकडे युनिट 'शटडाऊनला असतं', वायरमन 'शटडाऊन घेतो', मागणी कमी असली की युनिटला 'रिझर्व्ह शटडाऊन' मिळतं. बॉयलरची नळी फुटली, गळती सापडली, तर ठरवून शटडाऊन; आणि संरक्षणयंत्रणेनं आपणहून पटकन बंद पाडलं तर ती ट्रिप. हा फरक मी झोपेतही सांगेन. म्हणजे मला मशीन बंद करता येत होती, फक्त 'बंद करणं' ही काय चीज आहे तेवढं येत नव्हतं.

तरीही मी शाळेत गेलो. चुकलेल्या माणसापेक्षा अर्धवट बरोबर असलेला माणूस जास्त धोकादायक असतो, आणि मी त्या अवस्थेत होतो. बाईंसमोर मी वही उघडली आणि शांतपणे, म्हणजे शिफ्टचा चार्ज देताना बोलतो तसा, बोलायला सुरुवात केली. "बाई, डाऊनच्या पुढे 'द मशीन' आहे. मशीन हे नाम आहे. नामाआधी येतं ते प्रिपोझिशन. 'वॉक्ड डाऊन द रोड'मध्ये तुम्हीच प्रिपोझिशन मानता. मग इथे का नाही?"

बाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'ही लुक्ड डाऊन द पाईप.' 'ही टुक डाऊन द पाईप.'

"दोन्हींत डाऊनपुढे पाईप आहे," त्या म्हणाल्या. "आता डाऊन उचलून शेवटी ठेवून बघा."

'ही टुक द पाईप डाऊन.' जमलं. भिंतीवरचा पाईप काढून खाली घेतला. अर्थ तोच राहिला.

'ही लुक्ड द पाईप डाऊन.' हे मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही. पाईपमध्ये वाकून बघायचं होतं, तो डाऊन पाईपला घट्ट चिकटलेला आहे, त्याला पुढे पाठवलं की वाक्य मोडतं.

"आता तुमचं वाक्य," बाई म्हणाल्या.

'शट द मशीन डाऊन.' जमलं. साफ जमलं. 'वॉक्ड द रोड डाऊन.' नाही जमलं.

मी अजून हार मानलेली नव्हती. "पण बाई, हलवता येतं म्हणून काय झालं?"

"सर, प्लँटमध्ये तुम्ही फोनवर काय म्हणता?"

"कुणाला?"

"मशीन बंद करायला सांगायचंय. मशीन हा शब्द आधीच येऊन गेलाय. त्याऐवजी 'इट' वापरा."

मी तोंड उघडलं आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं: "शट इट डाऊन."

"शट डाऊन इट का नाही म्हणालात?"

तिथे माझा निकाल लागला. माझ्या जिभेला जे माहीत होतं ते माझ्या मंत्राला माहीत नव्हतं. 'शट डाऊन इट' कुणी म्हणतच नाही. उलट पाईपमध्ये बघायचं असेल तर 'लुक डाऊन इट' असंच म्हणावं लागतं, 'लुक इट डाऊन' होत नाही. म्हणजे सर्वनाम घातलं की दोन्ही डाऊन आपापली जात उघडी करतात. जो खरा प्रिपोझिशन आहे तो इटच्या आधी गच्च उभा राहतो. जो क्रियापदाचा जोडीदार आहे तो इटला मध्ये वाट करून देऊन स्वतः शेवटी जातो. या दुसऱ्याला शाळेच्या हिशोबात ॲडव्हर्ब म्हणतात, काही पुस्तकं पार्टिकल म्हणतात. क्रियापदाशी तो असा जोडलेला असतो की दोघांचा मिळून एक अर्थ होतो. 'शट'चा अर्थ बंद करणं, 'डाऊन'चा खाली, पण 'शट डाऊन'मध्ये मशीन कुठे खाली जात नाही. तिचं चालणं थांबतं.

निघताना मी सहज, म्हणजे सहज दाखवत, म्हणालो की आमच्या लॉगबुकात हे रोज येतं. बाईंनी उत्सुकतेनं विचारलं, "कसं लिहिता?" मी एका कागदावर अभिमानानं लिहून दाखवलं: 'युनिट शटडाउन्ड ॲट ०४१५.' बाईंनी तो कागद इतका वेळ पाहिला की मला बाहेरची घंटा दोनदा ऐकू आली. मग त्यांनी अलगद सांगितलं की 'शटडाऊन' एकत्र लिहिलं की ते नाम होतं. 'अ शटडाऊन', 'टू शटडाउन्स'. बोलताना त्यात जोर 'शट'वर पडतो. क्रियापद सुटं लिहायचं, 'शट डाऊन', आणि जोर 'डाऊन'वर. आणि 'शट'चा भूतकाळ 'शट'च राहतो, त्यामुळे ईडी लावायला जागाच नाही. मी एका नामाला ईडी लावून तेवीस वर्षं सही करत होतो. प्रत्येक शटडाऊनला एक. आकडा काढायचं मी टाळलं.

घरी आलो तर आई बाहेरच्या ओट्यावर गहू निवडत होती. ती आसोद्याकडची. इंग्रजीशी तिचा संबंध रेशनकार्डापुरता. तिनं माझा चेहरा बघितला. "काय झालं रे भो?" मी सांगायला लागलो. एका शब्दाच्या एवढ्या जाती, पुढे नाम असूनही तो शब्दयोगी नाही, असं बरंच बडबडलो. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ते पोतं खाली ठेव."

ठेवलं.

"त्या पोत्याखाली कागद टाक, ओल लागीन."

टाकला.

"अन् ते दुसरं पोतं खाली कर, गहू डब्यात ओत."

मी हातात पोतं घेऊन तसाच उभा राहिलो. तीन वेळा 'खाली', तीन वेगवेगळ्या जातींचे, आणि आईनं एकदाही घोटाळा केला नव्हता. 'पोतं खाली ठेव' मधला सुटा खाली कुठे ठेवायचं ते सांगतो, क्रियाविशेषण. 'पोत्याखाली' मधला खाली पोत्याला चिकटला आणि चिकटताना त्यानं पोत्याचं 'पोत्या' करून टाकलं, शब्दयोगी अव्यय. आणि 'पोतं खाली कर' म्हणजे रिकामं कर. आमच्या खानदेशात रिकाम्या डब्याला खाली डबाच म्हणतात, ते विशेषण.

मराठीत ही भानगड इतकी सोपी का वाटते ते तेव्हा कळलं. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला जोडून येतं आणि नामाचं सामान्यरूप करतं. झाड, झाडाखाली. नाक दाबलेलं डोळ्यांना दिसतं. सुटं राहिलं तर ते क्रियाविशेषण, एवढं मराठी चौथीतल्या पोरालाही ओळखता येतं. इंग्रजीत 'रोड'चं काहीच होत नाही आणि 'मशीन'चंही काही होत नाही. डाऊन कुणाला चिकटलाय हे अक्षरांत दिसत नाही, म्हणून हलवून बघावं लागतं. मेकॅनिक बेअरिंग सैल आहे का ते हातानं हलवूनच ओळखतो, तसं.

आईचा हा शोध मी लगेच नवा मंत्र म्हणून जाहीर करणार होतो: मराठीत भाषांतर करा, नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी लागलं तर इंग्रजीत प्रिपोझिशन. 'वॉक्ड डाऊन द रोड', रस्त्यानं, लागलं. 'शट डाऊन द मशीन', मशीन बंद केली, नाही लागलं. छान. पण धाकटी आता सावध झाली होती. ती म्हणाली, "पप्पा, 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम'चं काय?" आम्ही प्रश्नावर चर्चा केली. मराठीत 'वर' आला आणि इंग्रजीत प्रिपोझिशन औषधालाही नाही. मंत्र तिथेच खाली केला. मदतीला ठीक आहे, पण शेवटचा निकाल इटनंच द्यायचा.

डबे मात्र मी मोडीत काढले नाहीत, त्याला एक कारण घडलं. आठ डबे हे काही आकाशातून पडलेले नाहीत. आपल्याकडे यास्कांनी निरुक्तात चारच मानले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरण डोळ्यांसमोर ठेवून, आणि आपण शाळेत पाठ केलेल्या आठ जाती त्याच वाटेनं आल्या. डबे किती ते माणसांनी ठरवलं, तर भरताना भांडणं होणारच. शाळेत चालतं ते रेन अँड मार्टिन. त्यात एकाच शब्दाची वेगवेगळी कामं दाखवणारा धडा आहे, त्यात डाऊन आहे आणि त्या डाऊनमध्ये आपली डाऊन गाडीही आहे. आपल्या बारक्याचा प्रश्न तिथे आधीच छापलेला होता. मला तो धडा आधी वाचता आला असता. पुस्तक घरात होतं. त्याच्यावर कूलरचा एक पाय टेकवलेला होता.

आता कारण. शाळेतला अपमान पचायला महिना लागला, आणि त्या महिन्यात मी इंग्रजी व्याकरणावर जे हाती लागेल ते वाचलं. वाचता वाचता २००२ सालच्या एका भल्यामोठ्या ग्रंथापर्यंत पोचलो, 'केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज', हडलस्टन आणि पुलम यांचा. त्यात ते म्हणतात, प्रिपोझिशनच्या पुढे नाम असायलाच हवं हा हट्ट कशाला? क्रियापद कधी कर्म घेतं, कधी घेत नाही, तरी दोन्हीकडे ते क्रियापदच असतं. 'ही एट' आणि 'ही एट राईस', दोन्हींत 'एट' क्रियापद. तसंच डाऊन कधी पुढे नाम घेतो, कधी घेत नाही, पण तो आहे प्रिपोझिशनच. 'सिट डाऊन'मधलाही. आणि, मी खुर्चीतून उठलो, 'शट डाऊन द मशीन'मधलाही!

म्हणजे प्रिपोझिशन! पाचही पोरं बरोबर! एक-एक मार्क, एकूण पाच मार्क, आणि भाऊजी पुन्हा भाऊजी. मी पानाला खूण घातली, शर्ट बदलला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. धाकटी अभ्यासाला बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण पप्पा, त्यांच्या हिशोबानं तो प्रिपोझिशन कशामुळे?"

"पुढे नाम असो नसो, डाऊन तो डाऊनच, म्हणून."

"आणि तुम्ही आम्हाला कशामुळे सांगितलं होतं?"

पुढे नाम आहे म्हणून. त्या ग्रंथानुसार 'द मशीन' हे 'शट'चं कर्म आहे, डाऊनचं नाही. बाईंनी फळ्यावर हलवून दाखवलं होतं ते तिथेही तसंच उभं होतं. माझं उत्तर बरोबर निघालं होतं, पण ज्या एका कारणासाठी मी ते दिलं होतं तेच दोन्हीकडे चूक होतं. शिवाय सातवीच्या पेपरात शाळेचे डबे चालतात, केंब्रिजचे नाही, हेही धाकटीनं सांगितलं.

मी किल्ली परत खिळ्याला टांगली. शाळेत गेलो नाही. लॉगबुकात मात्र ऑगस्टपासून 'शट डाऊन' सुटं लिहितो, ईडी न लावता. पुढच्या शिफ्टचा सहकारी परवा म्हणाला, "साहेब, तुमची स्पेलिंग चुकायला लागली बरं का."

डबे सौ.नं परत नेले. ॲडव्हर्बच्या डब्यात सध्या हिंग आहे.